सात महिन्यांनी : एक स्टार दिला होता, तो बदलतोय

खोचायला यूएसबी-सी आणि नुसती टेकवायला एनएफसी, दोन्ही असलेली ही सिक्युरिटी की मी साडेपाच हजारांना घेतली. गूगलमध्ये साइन-इन करताना पासवर्डनंतर ही लावायची. नखाएवढ्या प्लॅस्टिकला एवढे पैसे, वर 'हरवली तर म्हणून दुसरीही घ्या' हा सल्ला! दुसरी नाही घेतली. गूगलने दिलेले दहा बॅकअप कोड छापून पाकिटात ठेवले.

पहिल्या दिवशी फोनला लावली, लगेच नोंदली गेली. पुढे सहा महिने लॅपटॉपवरच वापरली, तक्रार नाही.

मग गेल्या महिन्यात सांगली स्टँडवर उभा होतो. आदल्या रात्री पासवर्ड बदललेला, त्यामुळे फोनने पुन्हा साइन-इन मागितलं आणि तिकीट मेलमध्ये. की खोचली, उलटी करून खोचली, फुंकर मारून खोचली. स्क्रीनवर 'की जोडा' एवढंच. शेवटी पाकिटातला एक कोड खर्चून गाडी पकडली आणि गाडीतूनच एक स्टार ठोकला.

विक्रेत्याने उत्तरात एकच विचारलं, "दिवा लुकलुकतो का?" घरी बघितलं. लॅपटॉपला लावून साइन-इन केलं की लुकलुकतो, कीवरच्या सोनेरी चकतीला बोट लावलं की काम फत्ते. फोनला लावली तर मिणमिणही नाही. म्हणजे कीला वीजच मिळत नव्हती. दिवा लागूनही अडलं असतं, तर ब्राउझरकडे बघावं लागलं असतं.

गुन्हेगार निघाला फोन. माझ्या फोनच्या सेटिंग्जमध्ये 'ओटीजी कनेक्शन' नावाचं बटण आहे. बॅटरी वाचवायला ते दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की आपोआप बंद होतं. बंद असलं की पोर्टमधून बाहेर वीज जात नाही. आणि तेव्हा आठवलं, पहिल्या दिवशी की लावायच्या आधी मी पेनड्राइव्हवरून लग्नाचे फोटो घेतले होते. बटण चालू होतं ते त्यामुळे! खात्री म्हणून बटण चालू केलं, चहा ठेवला, प्यायलो, परत बघितलं तर बंद. सगळ्या फोनांत हे बटण नसतं, माझ्या नशिबात होतं.

आता फोनवर एनएफसीच वापरतो, त्याला ओटीजी लागत नाही. तिथेही आधी दोनदा फसलो, कारण कव्हरमध्ये गाडीच्या स्टँडसाठी लोखंडी पत्रा चिकटवलेला होता. कव्हर काढून की कॅमेऱ्याच्या खाली टेकवली आणि फोन थरथरेपर्यंत हलवली नाही, की जमतं. एनएफसीवर चकतीला बोट लावायची गरजही पडत नाही.

एकाचे चार स्टार करतोय. पाचवा कापला तो बरोबरच्या चिठोऱ्यासाठी. त्यावर चार भाषांत 'की फोनला जोडा' लिहिलंय, ओटीजीचा एक शब्द नाही. पाकिटात नऊ कोड उरलेत, दुसरी की अजूनही घेतलेली नाही.