बँड बदलण्याआधी जुना डेटा पुसला: पाच महिन्यांनंतरचा अनुभव

एकोणीस महिने एका कंपनीचा फिटनेस बँड वापरला आणि पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचा घेतला. नव्या बँडबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. चार्जिंग आठवडाभर पुरतं, पट्टा घामाने खाजत नाही आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढताना हृदयाचे ठोके तो जुन्यापेक्षा सलग दाखवतो. मला सविस्तर लिहायचंय ते जुन्या बँडचा डेटा पुसण्याबद्दल, कारण त्यातच माझा जवळजवळ महिना गेला.

पुसायचा का? सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हाच्या माझ्या सगळ्या जागरणाच्या रात्री त्यात आहेत. शाहूपुरीतल्या आमच्या दारातून रोज पहाटे किती वाजता धावायला निघते, हेही नकाशासकट आहे. जी कंपनी मी सोडली, तिच्याकडे हे पडून राहावं असं मला वाटत नाही.

पहिल्यांदा मी फक्त अ‍ॅप काढून टाकलं. आठवड्याने सहज म्हणून घरातल्या टॅबवर तेच अ‍ॅप घातलं, जुन्या ईमेलने लॉगिन केलं, आणि एकोणीस महिन्यांची झोप जशीच्या तशी समोर आली. फोनमधलं अ‍ॅप ही नुसती खिडकी असते, मूळ नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर असतात. शिवाय थोड्या दिवसांच्या नोंदी बँडच्या मेमरीत राहतात आणि अँड्रॉइड फोनमध्ये परवानगी दिली असेल तर एक प्रत Health Connect मध्ये, म्हणजे वेगवेगळ्या अ‍ॅपचा आरोग्याचा डेटा एकत्र ठेवणाऱ्या जागेत जाते. माझं धावणं स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदींच्या अ‍ॅपलाही जोडलेलं होतं, म्हणजे तिथे आणखी एक प्रत.

मग सगळं नीट पुसायला फोनमध्ये जुनं अ‍ॅप परत घातलं, त्याने मागितलेल्या परवानग्या दिल्या आणि Health Connect मधला डेटा पुसला. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या रात्रीची झोप पुन्हा हजर! जुना बँड अजून हातात होता, आणि जुन्या अ‍ॅपची लिहिण्याची परवानगी मी काढलीच नव्हती. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे: आधी परवानगी बंद, मग पुसणं. फोनच्या सेटिंग्जमध्ये Health Connect शोधा, अ‍ॅपच्या यादीत जुनं अ‍ॅप उघडा, सगळ्या परवानग्या काढा आणि मग त्या अ‍ॅपने लिहिलेला डेटा पुसा.

'जुना डेटा राहू दे, नव्या अ‍ॅपला उपयोगी पडेल,' असं माझ्या धावण्याच्या गटातल्या बऱ्याच जणांना वाटतं. पण Health Connect मधून नव्या अ‍ॅपला साधारणपणे परवानगी दिल्याच्या आधीचे 30 दिवसच वाचता येतात, त्याआधीचं वाचायला वेगळी परवानगी लागते. आणि दोन कंपन्यांची गाढ झोप मोजायची पद्धत एक नसते. दोन्हीचे आकडे एकाच आलेखात आले की झोप खरंच बदलली की फक्त बँड बदलला, ते कळत नाही.

खातं बंद करण्याआधी सगळा डेटा मात्र उतरवून घ्या. मला तो अ‍ॅपच्या खात्याच्या पानावरून मागवावा लागला आणि झिप फाइल आली. ती उघडून बघा, नुसती ठेवू नका. माझ्या फाइलमध्ये मी रोज संध्याकाळी 5:40 ला झोपते असं दिसत होतं! वेळ युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होती. त्यात साडेपाच तास मिळवले की रात्रीचे 11:10 होतात, आणि तीच माझी खरी वेळ. पहिली आणि शेवटची तारीख जुळते का तेही पाहिलं. मधल्या एका महिन्याचे ठोके आलेच नव्हते, म्हणून फाइल पुन्हा मागवली. विश्रांतीतले ठोके 71 वरून 62 वर यायला मला वर्ष लागलं होतं, ती नोंद मला डॉक्टरांना दाखवायची होती.

फाइल नीट हाती आल्यावर स्ट्राव्हाची जोडणी तोडली. जोडणी तोडली तरी तिथलं आधीचं धावणं पुसलं जात नाही, ते तिथेच जाऊन वेगळं काढावं लागलं. त्यानंतर बँड जुन्या अ‍ॅपमधून अनपेअर केला आणि फॅक्टरी रीसेट केला. हे खातं काढायच्या आधीच करा. काही बँड खात्याशी बांधलेले असतात, खातं आधी गेलं तर दुसऱ्या कुणाला ते जोडता येत नाहीत. गटातल्या एकीचा चांगला बँड असाच अडकून पडलाय.

सगळ्यात शेवटी सर्व्हरवरचं खातं डिलीट केलं. तिथे पंधरा दिवसांची मुदत होती आणि मधे एकदाही लॉगिन झालं तर विनंती रद्द होणार होती. टॅबवरचं अ‍ॅप लॉगिन केलेलंच आहे हे तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. ते काढून विनंती पुन्हा टाकली. मुदत संपल्यावर जुन्या ईमेलने लॉगिन करून बघितलं, तर असं खातंच नाही असा संदेश आला.

जुना बँड आता पुतणी वापरते. तिने तो स्वतःच्या खात्याला जोडला आणि पहिल्याच सकाळी मला फोन करून सांगितलं, "काकू, यात तुमचं काहीच नाही, कालची माझीच झोप आहे."