४५१ पौंडांची स्लिप जिंकली आणि हातात आले शून्य, बेट बिल्डर आणि 'पूर्ण गुणाकार' वाल्यांपासून जपा

मी इंग्लंडमध्ये राहतो, नोकरी करतो, वीकेंडला फुटबॉलवर पाच-दहा पौंड लावायची सवय लागली होती. त्यात हुशारी अशी काही नव्हती पण फसलो ते मी स्वतःला हुशार समजलो म्हणूनच, म्हणून सविस्तर लिहितोय.

इकडे वेगवेगळ्या मॅचेसचे निकाल एकत्र जोडून लावतात त्याला अक्युम्युलेटर म्हणतात, तोंडात 'ॲका', आमच्या रूमवर सगळे त्याला अक्काच म्हणायचे, "आज अक्का लावली का रे" वगैरे. अक्काचा हिशोब सरळ, जोडलेला प्रत्येक निकाल म्हणजे एक लेग, प्रत्येक लेगचे ऑड्स, म्हणजे जिंकलो तर एका पौंडाचे किती पौंड मिळतात तो भाव, एकमेकांना गुणायचे, झालं. पण एकाच मॅचमधल्या गोष्टी जोडल्या, म्हणजे अमुक टीम जिंकणार, तीनपेक्षा कमी गोल होणार नाहीत आणि त्यांचा स्ट्रायकर गोल मारणार, तर त्याला बेट बिल्डर म्हणतात आणि तिथे गुणाकार जुळत नाही. ही न जुळणारी जागाच त्या माणसाने पकडली.

टेलिग्रामवर आपल्याच लोकांचा ग्रुप होता, ॲडमिनला सगळे भाऊ म्हणायचे. भाऊने एक दिवस स्क्रीनशॉट टाकला. घरच्या टीमचा विजय १.८०, तीन किंवा जास्त गोल १.९०, स्ट्रायकरचा गोल २.२०. गुणाकार केला तर ७.५२ येतो आणि मोठ्या बुकीच्या बेट बिल्डरमध्ये दिसत होते ४.२०. खाली भाऊचं वाक्य, "बघा, उघड्यावर चोरी, ३.३२ खिशात घातले." मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, आकडा बरोबर निघाला आणि तिथेच मी गेलो. भाऊकडे एक साइट होती जी पूर्ण गुणाकार देते, मेंबरशिप ४० पौंड, पैसे भरायचे ते क्रिप्टोमध्ये. क्रिप्टो कशाला हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता, पडला नाही.

तीन आठवड्यांत तशा ११ बेट हरलो, प्रत्येकी २० पौंड, म्हणजे २२० गेले. मध्ये एक साधी सिंगल बेट लागली तिचे ३० पौंड लगेच मिळाले, त्यामुळे विश्वास अजूनच बसला. मग वरच्याच तीन लेगवर ६० पौंड लावले आणि लागली!! ३-१, स्ट्रायकरचे दोन. ४५१ पौंड ४४ पेन्स स्लिपवर दिसले, रूमवर चहाच्या जागी बिर्याणी झाली. सकाळी बघतो तर बेट 'व्हॉइड', म्हणजे रद्द. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की या लेग 'रिलेटेड कंटिन्जन्सी' आहेत, म्हणजे एक निकाल दुसऱ्याला मदत करतो, असं जोडणं नियमात बसत नाही. ६० पौंड परत दिले पण तेही बोनस वॉलेटमध्ये, बाहेर काढायचे तर आधी १५ पट खेळा म्हणजे अजून ९०० पौंडांच्या बेट लावा.

माझा रूममेट सोलापूरचा, आधी बेटिंग शॉपच्या काउंटरवर काम केलेला. तो म्हणाला, अरे येड्या नियम खरा आहे रे, पण तो तुला कधी लावला ते बघ. मग त्याने बिलाच्या मागे १०० मॅचेस मांडून दाखवल्या. आकडे समजायला म्हणून धरलेले, पण ऑड्सशी मिळतेजुळते. समज १०० पैकी ५३ वेळा घरची टीम जिंकते, ५० वेळा तीन किंवा जास्त गोल होतात, ४२ वेळा स्ट्रायकर मारतो. या तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसता, म्हणजे त्या तीन वेगळ्या मॅचेस असत्या, तर तिन्ही एकत्र जुळणं १०० मध्ये फक्त ११ वेळा. पण मॅच एकच आहे ना, स्ट्रायकरने गोल मारला की टीम जिंकायची शक्यता वाढते आणि गोलही वाढतात. म्हणून त्या ५३ विजयांपैकीच ३१ मध्ये त्याचा गोल असतो आणि त्या ३१ पैकी २० मध्ये तीन किंवा जास्त गोल. म्हणजे ११ नाही, २०. २० वेळा होणाऱ्या गोष्टीचा खरा भाव ५.००, बुकीने दिले ४.२०. बुकी लोक कॉम्प्युटरवर मॅच हजारो वेळा खेळवून हेच मोजतात, सगळे लेग एकाच वेळी किती मॅचेसमध्ये जुळले ते.

मी म्हटलं म्हणजे ०.८० तरी चोरलेच की. हो, तो म्हणाला, तेवढी त्याची कमाई, १०० पौंडांवर १६. पण हेच तीन भाव वेगवेगळ्या मॅचेसवर अक्का म्हणून लावलेस तरी ७.५२ गुणिले ते ११ आणि थोडं वर, ८४ च्या आसपासच परत येतात, म्हणजे तिथेही १६ जातातच. फरक एवढाच की अक्कामध्ये प्रत्येक लेगचा भाव समोर असतो, बसून हिशोब करता येतो, बिल्डरमध्ये आतला हिशोब दिसत नाही, तिथे १६ च्या जागी २५ कापले तरी तुला कळायचं नाही. हे मला जास्त टोचलं खरं तर.

आणि भाव नेहमी कमीच होतो असंही नाही हां. ड्रॉ ३.६० आणि तीन किंवा जास्त गोल १.९०, गुणाकार ६.८४. पण बरोबरीत तीन गोल होऊच शकत नाहीत, थेट २-२ लागतो, म्हणून बिल्डरमध्ये हेच १५-१६ ला मिळेल. इथे भाऊची साइट 'पूर्ण गुणाकार' देऊन तुम्हाला निम्म्याहून कमी देते आणि हे स्क्रीनशॉट तो कधी टाकत नाही. उलट टोकाला ३-१ असा नेमका स्कोअर १३.०० ला घ्या आणि त्याला तीन किंवा जास्त गोल जोडा, २४.७० दिसतात, पण ३-१ मध्ये चार गोल आधीच आहेत, दुसरा लेग नुसता नावाला.

लायसन्सवाल्या साइटवर अशा लेग साध्या अक्कामध्ये स्लिपवर जोडताच येत नाहीत, लावण्याआधीच अडवतात किंवा बिल्डरच्या भावाला पाठवतात. माझ्या साइटने बाराही बेट मुकाट घेतल्या. हरलेल्या ११ पण तशाच जोडलेल्या होत्या, त्यातली एकही व्हॉइड करून २० पौंड परत दिले नाहीत. नियम फक्त जिंकलेल्या स्लिपला. म्हणजे ७.५२ काय ७५ दाखवले असते तरी त्यांचं काय जाणार होतं, हरलात तर पैसे त्यांचे, जिंकलात तर बेटच नव्हती.

मग यूके गॅम्बलिंग कमिशनच्या वेबसाइटवर लायसन्सची यादी सगळ्यांना बघता येते तिथे साइटचं नाव टाकलं, दोन मिनिटांचं काम, नाव नाही. बेटिंगच्या तक्रारी फुकटात बघणारी आयबास म्हणून संस्था आहे, पण ती तिच्याकडे नोंदलेल्या कंपन्यांच्याच तक्रारी घेते, म्हणजे तिथेही दार बंद. क्रिप्टो असल्यामुळे बँकही काही करू शकली नाही. आणि भाऊने दिलेल्या लिंकच्या शेवटी त्याचाच कोड होता, तेव्हा नीट बघितलाच नव्हता, अशा कोडवर आपण हरलेल्या पैशातला वाटा मिळतो.

ग्रुपवर हे सगळं टाकलं तर दहा मिनिटांत मला काढलं. परवा एका ओळखीच्याने त्या ग्रुपचा फोटो पाठवला, सगळ्यात वर पिन केलेली माझीच स्लिप आहे, ४५१ पौंड ४४ पेन्स, खालची व्हॉइडची पट्टी कापून टाकलेली, आणि भाऊ लिहितोय "आपल्या मेंबरची कमाई".