प्रश्न, थांबा, उत्तर: पाच महिन्यांच्या वापरानंतर

पडद्यावर प्रश्न येतो, थोडा वेळ थांबा मिळतो आणि मग उत्तर उघडतं, अशा पद्धतीची उजळणी सत्रं मी गेले पाच महिने वापरतेय. विषय भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र. परीक्षा चार पर्यायांची. एका धड्याचं एक सत्र आणि त्यात ४० प्रश्न. वाचायला ८ सेकंद मिळतात, मग कोपऱ्यातलं गोल घड्याळ १० सेकंद फिरतं, मग बरोबर पर्याय हिरवा होतो आणि ७ सेकंद तसाच राहतो. म्हणजे प्रश्नामागे २५ सेकंद, आणि सतरा मिनिटांच्या आत अख्खा धडा. या सतरा मिनिटांचं मला सुरुवातीला फार कौतुक होतं.

पहिले दोन महिने मी ही सत्रं आडवी पडून बघितली. प्रश्न यायचा, घड्याळ फिरायचं, पर्याय हिरवा व्हायचा आणि मी मनात म्हणायचे, ‘हे येतंच की.’ चाळिसातले तेहेतीस-चौतीस तरी मला येतात असा माझा हिशोब होता. मग त्याच धड्याची सराव परीक्षा दिली आणि २२ बरोबर आले. मी पेपर काढणाऱ्याला नावं ठेवली. माझ्याबरोबर अभ्यास करणाऱ्या मैत्रिणीने मात्र एकच विचारलं, “ते घड्याळ फिरत असतं तेव्हा तू नक्की काय करतेस?” मला उत्तर देता येईना. खरं सांगायचं तर मी पर्याय हिरवा व्हायची वाट बघत बसायचे.

दुसऱ्या दिवशी तेच सत्र कागद-पेन घेऊन लावलं. नियम एकच: हिरवा रंग दिसायच्या आत अक्षर कागदावर उमटलं पाहिजे, नाहीतर शून्य. २४ आले. मनातले चौतीस आणि कागदावरचे चोवीस यांच्यातले दहा प्रश्न म्हणजे उत्तर दिसल्यावर ‘येत होतं’ असं वाटणारे प्रश्न. पुढच्या सत्राला मी पर्यायांवर कागदाची पट्टी चिकटवली आणि नुसता प्रश्न वाचून उत्तर शब्दांत लिहिलं. १७ आले. धडा वेगळा होता, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर नाही. पण कुठे पाणी मुरतंय ते कळलं. पर्याय समोर असताना उत्तर ओळखायचं असतं, झाकल्यावर आठवावं लागतं. शिवाय चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी चारातला एक बरोबर येतो. २० प्रश्न येत असतील तर उरलेल्या २० मधले पाचेक अंदाजाने बरोबर येणार, आणि आपण ते पंचवीसच धरून चालणार.

याच विषयावरचा रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ मधला प्रयोग नंतर वाचनात आला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. आणि आपल्या लक्षात राहील अशी जास्त खात्री होती ती पुन:पुन्हा वाचणाऱ्यांना! आडवं पडून बघितलेलं सत्र हे एक प्रकारचं पुन्हा वाचणंच होतं, फक्त त्याला घड्याळ लावलेलं होतं.

त्यानंतरचे तीन महिने मी जे वापरतेय ते सत्र तेच आहे, पण थांबा माझ्या हातात आहे. कारण १० सेकंद हे माप सगळ्या प्रश्नांना चालत नाही, आणि या सत्रांचा सगळ्यात मोठा दोष मला हाच वाटतो. ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र कोणतं?’ याला तीन सेकंद पुष्कळ झाले. पण हा प्रश्न बघा: ६ ओहम आणि ३ ओहमचे दोन रोध समांतर जोडणीत १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडले, तर एकूण विद्युतधारा किती? पर्यायांत १.३३ अँपिअर होतं आणि ६ अँपिअरही. घड्याळ टिकटिक करत असताना मी ६ आणि ३ ची सरळ बेरीज करून ९ ओहम धरले, १२ भागिले ९, आणि १.३३ समोर दिसलं म्हणून खूश झाले. तो पर्याय तिथे ठेवलेलाच असतो याच चुकीसाठी. शांतपणे केलं तर १/६ + १/३ = १/२, म्हणजे रोध २ ओहम आणि धारा ६ अँपिअर. समांतर जोडणीत एकूण रोध सगळ्यात लहान रोधापेक्षाही कमी येतो, तेव्हा ९ हा आकडा तिथल्या तिथेच खटकायला हवा होता. पण हे खटकायला वेळ लागतो. मी पहिल्यांदा नीट सोडवलं तेव्हा जवळजवळ ४० सेकंद लागले. आता गणिताचा प्रश्न आला की आधी स्पेसबार दाबते. सत्र लांबतं, अर्धा तास सहज जातो. जाऊ दे.

थांब्याला इतकं जपायला लागल्यावर लक्षात आलं की उत्तरानंतरच्या ७ सेकंदांतही गडबड आहे. माझी एक चूक सविस्तर सांगते. प्रश्न होता: चेंडू सरळ वर फेकला, तर सर्वोच्च बिंदूला त्याचं त्वरण किती? मी ‘शून्य’ लिहिलं, अगदी ठाम. उत्तर हिरवं झालं: ९.८ मी/से², खालच्या दिशेने. मी ‘अरे हो’ म्हटलं आणि पुढच्या प्रश्नाला लागले. दोन आठवड्यांनी तोच प्रश्न आला आणि मी पुन्हा शून्य लिहिलं. पडद्याने मला बरोबर आकडा सांगितला होता, माझा आकडा का चुकला ते सांगितलं नव्हतं. वर पोचल्यावर शून्य होतो तो वेग, त्वरण नाही. त्वरणही शून्य झालं असतं तर वेग बदलायचं कारणच उरलं नसतं आणि चेंडू तिथेच लटकून राहिला असता. हे एक वाक्य स्वतःच्या शब्दांत वहीत लिहिलं, त्यानंतर तो प्रश्न परत चुकला नाही.

खात्रीने केलेल्या चुका, बरोबर उत्तर सांगितलं तर, डळमळीत चुकांपेक्षा जास्त सुधारतात, असं बटरफिल्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं आहे. माझ्या चेंडूच्या बाबतीत पहिल्या वेळी तसं झालं नाही, याचं खापर मी त्या सात सेकंदांवर आणि माझ्या ‘अरे हो’ वर फोडते. पण त्यातून एक सवय लागली. उत्तराच्या अक्षराशेजारी मी आता खूण करते: खात्री असेल तर टिंब, डळमळीत असेल तर आडवी रेघ, निव्वळ अंदाज असेल तर फुली. सत्र संपल्यावर आधी बघायचे ते टिंब असूनही चुकलेले प्रश्न. ते सहसा दोन-तीनच असतात, पण तिथे काहीतरी चुकीचं पक्कं बसलेलं असतं. मग फुली असूनही बरोबर आलेले. तिथे गुण मिळालेत पण ज्ञान नाही. बाकीच्यांवर मी फार वेळ घालवत नाही.

आणखी एक तक्रार आहे, प्रश्नांच्या क्रमाची. सत्र जितक्या वेळा लावाल तितक्या वेळा तेच प्रश्न त्याच ओळीत येतात. चौथ्या खेपेला मला ‘परागणाच्या आकृतीनंतरचं उत्तर क’ हे पाठ झालेलं होतं, प्रश्न वाचायची गरजच नव्हती. गुण ३८ आले आणि त्यांना काडीचाही अर्थ नव्हता. आता एकच सत्र लागोपाठ लावत नाही. तीन दिवसांनी, मग साधारण आठवड्याने, आणि दर वेळी मधूनच कुठूनतरी सुरू करते. एका सत्रात एक उत्तर चक्क चुकीचंही हिरवं झालं होतं. पाठ्यपुस्तक उघडून खात्री केली, मैत्रिणीनेही पडताळलं, तेव्हा पटलं. पाच महिन्यांत एकच सापडलं, हे वाईट नाही. पण नुसतं बघत राहिले असते तर ते चुकीचंच पक्कं केलं असतं.

तिसऱ्या महिन्यापासून आम्ही चौघी मिळून स्वतःच्या स्लाइडही करतो. आमच्या सत्रात एका प्रश्नाच्या चार स्लाइड असतात: पहिलीवर पर्यायांशिवाय नुसता प्रश्न, दुसरीवर पर्याय, तिसरीवर उत्तर, चौथीवर कारण एका वाक्यात. आपोआप पुढे सरकणं बंद ठेवलंय, जी चालवते ती क्लिक करते. सुरुवातीला यातही घोळ झाला. आमच्यातली एक फार हुशार, प्रश्न वाचून होण्याआधीच ती उत्तर ओरडायची, आणि बाकी तिघींचा थांबा तिथेच संपायचा. तिला गप्प बसवणं अवघड होतं, म्हणून ‘आधी लिहा, मग सगळ्यांनी एकदम कागद वर करा’ असा नियम केला. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की तिचीही बरीच उत्तरं चुकतात. ओरडल्यावर फक्त बरोबर आलेलीच लक्षात राहायची, तिच्याही आणि आमच्याही.

चौथ्या स्लाइडवरचं वाक्य लिहिणं हे सगळ्यात कष्टाचं काम आहे. दहा प्रश्नांचं एक सत्र करायला आमचे दीड-दोन तास जातात. तयार सत्रात हे नसतं ते का, हेही त्यातून समजलं.

न वाचलेल्या धड्याला हे सत्र मी लावत नाही. एकदा लावून बघितलं होतं, रासायनिक बंधांच्या धड्याला. चाळीस वेळा थांबले आणि चाळीस वेळा काहीच आठवलं नाही, कारण आठवायला आत काही नव्हतंच. आकृती काढायच्या किंवा पायऱ्या लिहायच्या उत्तरांनाही हे पुरत नाही. तिथे पर्याय ओळखून काय होणार?

टिंब असूनही चुकलेल्या प्रश्नांचं माझ्या वहीत एक वेगळं पान आहे. दोनदा लागोपाठ, किमान आठवड्याच्या अंतराने, पर्याय झाकून बरोबर आला की तो प्रश्न खोडायचा. सध्या तिथे ११ उरलेत. त्यातले चार प्रकाशाच्या अपवर्तनाचे आहेत, आणि त्या चारही प्रश्नांत मी किरण लंबाकडे वळवायचा तिथे लंबापासून दूर नेते.