काकांच्या रेसची वही स्प्रेडशीटवर: सात महिन्यांनंतरचा अनुभव

माझे काका रेसचे शौकीन. पुण्याचा पावसाळी मोसम सुरू झाला की रेसच्या दिवशी पहाटेची गाडी पकडायची, कॅम्पातल्या रेसकोर्सवर दिवस काढायचा आणि रात्री उशिरा कोल्हापूरला परत. घोड्यामागे दोनशे रुपये, त्याच्या वर नाही, हा त्यांचा नेम. चाळीस पानी वहीत पेन्सिलीनं हिशोब असायचा आणि विचारलं की उत्तर ठरलेलं: "फायद्यातच हाय की गं मी."

मी शाहूपुरीत एका कर सल्लागाराकडे जीएसटीची रिटर्नं भरते. गेल्या वर्षी, म्हणजे जुलै 2025 मध्ये, म्हटलं की वही बंद, मी शीट करून देते. (ॲपवरच्या पैजांसाठी हे नाही. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर त्याच वर्षी कायद्यानं बंदी आली. काका तसेही समोर उभं राहून, पावती हातात घेऊन खेळणारे.)

पहिला आराखडा साधाच होता: तारीख, घोडा, पैज, भाव, निकाल, आलेले पैसे. पहिल्याच रविवारी काका शीटमध्ये एक्क्याण्णव लाख जिंकले. झालं असं, की बुकी भाव सांगतो अपूर्णांकात, अडीचचा भाव म्हणजे 5/2. काकांनी तसंच टाइप केलं आणि शीटनं त्याची तारीख केली, 5 फेब्रुवारी. तारीख आत एका आकड्याच्या रूपात साठवलेली असते, त्या तारखेचा आकडा 45693. त्यात मूळ पैजेचा एक मिळवून दोनशेनं गुणलं की 91,38,800 रुपये. हे निदान डोळ्यांत भरतं म्हणून सापडतं. सेल मजकूर करून ठेवण्यापेक्षा मी सरळ दोन रकाने केले, वरचा आकडा H मध्ये आणि खालचा I मध्ये, आणि दशांश भाव शीटनंच काढायचा:

```
=1+H5/I5
```

अडीचच्या भावाचे होतात 3.5, म्हणजे शंभराला मूळ पैजेसकट साडेतीनशे परत. टोट म्हणजे रेसकोर्सची स्वतःची खिडकी, जिथं सगळ्यांच्या पैजा एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात. टोटचा लाभांश दहा रुपयांवर जाहीर होतो आणि त्यात मूळ पैज धरलेली असते, म्हणून तिथं फक्त दहानं भागायचं, एक मिळवायचा नाही. हा फरक विसरलात तर टोटवरचा प्रत्येक जिंकलेला घोडा एका पैजेएवढा जास्त दिसतो, आणि ते मात्र डोळ्यांत भरत नाही.

दुसरी दुरुस्ती आलेल्या पैशांच्या रकान्याची. सुरुवातीला तो सूत्रानं भरायचा. नंतर मी तो हातानं भरायला लावला, खरोखर हातात पडलेली रक्कम, आणि सूत्राचा रकाना शेजारी पडताळणीला ठेवला. घोडा मागे घेतला गेला तर निकालात "परत" असं लिहायचं. दोन रकाने जुळले नाहीत की ओळ पिवळी होते. पडताळणीचं सूत्र असं, त्यात C म्हणजे पैज, E दशांश भाव आणि F निकाल:

```
=IF(F5="जिंकला",C5*E5,IF(F5="परत",C5,0))
```

आता खरी गोष्ट. रेसच्या पैजेवर जीएसटी लागतो तो पैजेच्या पूर्ण रकमेवर. मोसम सुरू झाला तेव्हा तो 28 टक्के होता. बुकीकडे दोनशेची पैज लावताना काकांच्या खिशातून 256 जायचे, आणि घोडा जिंकला तरी ते 56 परत येत नाहीत. हे मला माहीत होतं, म्हणून "खिशातून" असा रकाना होता आणि त्यात मी पैज गुणिले 1.28 असं सूत्र घालून मोकळी झाले होते.

सप्टेंबर संपता संपता एके रात्री काका परत आले, टेबलावर पाकीट उलटं केलं आणि पैसे मोजले. शीटपेक्षा 120 रुपये कमी. जेवणाचे, रिक्षाचे, चहाचे सगळे आठवून झाले. काकू म्हणाल्या, "लिहायचं र्‍हायलं आसंल काहीतरी." मग मी पावत्या मागितल्या. पाच पैजा, दोनशेप्रमाणे हजार रुपये, आणि प्रत्येक पावतीवर 280. दर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला होता. शीट म्हणत होती 1,280, गेले होते 1,400. दिवसभर जीएसटीच भरणाऱ्या बाईच्या शीटमध्ये! काका आठवडाभर हसत होते.

तेव्हापासून "खिशातून" हा रकानाही पावतीवरून हातानं भरायचा, आणि करदर शीटनं त्यावरून काढून दाखवायचा. पुढं पुन्हा दर बदलला तर तो आकडाच आधी बोलेल.

पुण्याचा मोसम संपल्यावर बेरीज केली. साठ पैजा, प्रत्येकी दोनशे, म्हणजे 12,000 च्या पैजा, आणि परत आले 12,960. काकांच्या जुन्या वहीच्या पद्धतीनं 960 चा फायदा. यील्ड म्हणजे फायदा भागिले लावलेली एकूण रक्कम, ती आली 8 टक्के. मोसमाच्या सुरुवातीला काकांनी वेगळे काढून ठेवलेले 5,000, तेच भांडवल, त्यावरचा परतावा म्हणजे आरओआय 19.2 टक्के. फायदा एकच, भागायचा आकडा वेगळा. तोच पैसा मोसमभर पुन्हापुन्हा फिरतो म्हणून आरओआय फुगतो. काकांनी अर्थातच 19.2 लक्षात ठेवला.

मग मी सूत्रात पैजेऐवजी खिशातला रकाना घातला, G म्हणजे आलेले पैसे आणि D म्हणजे खिशातून गेलेले:

```
=(SUM(G5:G500)-SUM(D5:D500))/SUM(D5:D500)
```

आधीच्या चाळीस पैजांना 10,240 गेले, नंतरच्या वीसांना 5,600. एकूण 15,840. तोटा 2,880, यील्ड उणे 18.2 टक्के, भांडवलावर उणे 57.6. घोडे तेच, निकाल तेच. अडीचच्या भावाला करापूर्वी शंभरात साधारण 29 वेळा बरोबर आलं की बरोबरी होते. 28 टक्के कर धरला की 37 वेळा यावं लागतं, आणि 40 टक्क्यांना बरोबर 40 वेळा. एवढा फरक घोड्यांच्या अभ्यासातून भरून काढणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

बरं, ते करापूर्वीचे 8 टक्के तरी काकांच्या नजरेचे का? त्यासाठी एक सेल ठेवलाय. सरासरी दशांश भाव 4 च्या आसपास आणि पैजा 60 असतील, तर निव्वळ नशिबानं यील्ड किती हलते याचा ढोबळ अंदाज:

```
=SQRT((4-1)/60)
```

उत्तर येतं 0.22, म्हणजे 22 टक्के इकडं किंवा तिकडं. त्यात 8 टक्के कुठल्या कुठं बुडून जातात. काकांना एवढंच सांगितलं, की दोन घोडे नाकाच्या अंतरानं हरले असते तर हा फायदा दिसलाच नसता. ते पटलं त्यांना, कारण ते दोन घोडे त्यांना नावानिशी आठवत होते.

प्राप्तिकराचं पान वेगळं ठेवलंय. जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर असतो आणि हरलेल्या पैजा त्यातून वजा होत नाहीत, म्हणून तो यील्डच्या सूत्रात मिसळला की काहीच वाचता येत नाही.

गैरसोयी आहेतच. रेसकोर्सवर उभ्या उभ्या मोबाईलवर नऊ रकाने भरणं काकांना जमत नाही. पावत्या शर्टाच्या खिशात कोंबून आणतात आणि भरते मीच. एकदा शर्ट धुण्यात गेला, त्या दिवसाच्या तीन ओळी अजून पिवळ्या आहेत.

मुंबईचा मोसम चालू आहे आणि काका अजून खेळतात, पण दिवसाला पाचऐवजी दोन घोडे. मध्यंतरी म्हणाले, "तो उणेचा रकाना लपिव की जरा." लपवला नाही. काकांनीच लॅपटॉपवर त्याची रुंदी ओढून इतकी बारीक केलीय, की आता तिथं नुसतं ## दिसतं.