आत्याचा प्लॉट भाच्याने स्वस्तात घेतला, दावा कशावर?

एका ओळखीच्याने विचारलंय, आत्याचा ४० लाखांचा प्लॉट तिला सांभाळणाऱ्या भाच्याने १२ लाखांत लिहून घेतला, वर सांगितलं की रस्तारुंदीत जाणारच आहे. आता चुकीची माहिती म्हणायचं, गैरप्रभाव म्हणायचं की चूक?

आधी परिणाम बघू. पहिल्या दोन्हीत संमती असते पण मोकळी नसते, म्हणून करार आत्याने रद्द करेपर्यंत चालू राहतो (कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२, कलम १९ आणि १९अ). चुकीत, म्हणजे दोघांचीही मूळ गोष्टीबद्दल एकच गैरसमजूत असेल तर, करार मुळातच निरर्थक, कलम २०. पण किमतीचा चुकीचा अंदाज ही चूक धरत नाहीत, त्यामुळे तो मुद्दा इथे बादच.

पुरावा कोणी द्यायचा हा खरा फरक. चुकीच्या माहितीत भाचा असं बोलला हे आत्याने सिद्ध करायचं, आणि तो म्हणणार की नगरपालिकेत विकास आराखडा बघितला असता तर कळलं असतं, साधी काळजी घेऊन कळण्यासारखं असेल तर कलम १९ खरंच त्याच्या बाजूने जातं (मुद्दाम खोटं बोलला तर ती फसवणूक, वेगळा विषय). गैरप्रभावात त्याचा वरचष्मा दाखवायचा, औषधं, बँक, पासबुक सगळं त्याच्या हातात, आणि सौदा उघड अन्यायाचा, की मग सिद्ध करायचं ओझं भाच्यावर! फक्त मिळालेले १२ लाख कोर्ट परत करायला लावू शकतं.

त्यामुळे या केसमध्ये मी गैरप्रभाव मुख्य ठेवीन, तारखा-तपशिलासकट. अनोळखी विक्रेत्याने थापेबाजी न करता चुकीचं सांगितलं असेल तर चुकीची माहिती, आणि विकायची वस्तूच आधी नष्ट झालेली दोघांना माहीत नसेल तर चूक.