सर्व्हिसचा ॲडव्हान्स आला: रिसीट व्हाउचर करायचं की सरळ टॅक्स इनव्हॉइस?

मी इंटिरिअर डिझाइनचं काम करतो, म्हणजे फक्त फी घेतो, माल विकत नाही. नुसता माल विकणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल, कारण कंपोझिशनवाले सोडले तर मालाच्या ॲडव्हान्सवर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी भरावा लागत नाही, बिलाच्या वेळी भरायचा. सर्व्हिसवाल्यांना मात्र ती सूट नाही. बिल वेळेत केलं असेल तर बिलाची तारीख आणि पैसे आल्याची तारीख, यातली जी आधी तो महिना टॅक्सचा.

उदाहरण घेऊ. एका कंपनीच्या ऑफिसचं काम आहे, फी ३ लाख अधिक १८ टक्के. २८ जुलैला १,१८,००० ॲडव्हान्स आला (टीडीएस सध्या बाजूला ठेवतो), काम संपणार ऑक्टोबरमध्ये. आता व्हाउचर केलं काय न् बिल केलं काय, १८,००० रुपये जुलैच्याच रिटर्नमध्ये, म्हणजे मंथली भरणाऱ्याला २० ऑगस्टपर्यंत भरायचेच आहेत. महिना दोन्हीकडे तोच. फरक पडतो तो नंतर.

व्हाउचरचा रस्ता असा: जुलैच्या जीएसटीआर-१ मध्ये टेबल ११ए ला १ लाख दाखवायचे, ऑक्टोबरमध्ये पूर्ण ३ लाखांचं बिल करायचं आणि त्याच महिन्यात ११बी ला ते १ लाख वजा करायचे. कागदावर सोपं वाटतं. पण ११ए आणि ११बी मध्ये पार्टीचं नाव नसतं, व्हाउचर नंबर नसतो, फक्त राज्य आणि रेटप्रमाणे एकत्र आकडा. एका महिन्यात चार जणांचे ॲडव्हान्स आले की एकच बेरीज टाकायची आणि मग पुढच्या पाच-सहा महिन्यांत त्यातलं कुणाचं किती उतरलं ते आपणच एक्सेलमध्ये सांभाळायचं. पोर्टल तुम्हाला विचारत नाही की अहो, त्या जुलैच्या लाखाचं काय झालं. ११बी राहिलं तर ऑक्टोबरमध्ये पूर्ण ५४,००० जातात आणि तेच १८,००० दोनदा भरले जातात. खरं सांगायचं तर माझा कौल इथेच ठरला, बाकीची कारणं नंतर सापडली.

दुसरं कारण म्हणजे क्लायंटचे फोन. व्हाउचर त्यांच्या टू-बी मध्ये येतच नाही, त्यामुळे तिकडचा अकाउंटंट "सर, टॅक्स घेतलाय पण दिसत नाही" म्हणून मागे लागतो. बिल केलं की ते ऑगस्टच्या मध्यात टू-बी मध्ये दिसतं. क्रेडिट घ्यायला सर्व्हिस मिळालेली असावी लागते, ते कधी घ्यायचं ते त्यांचा सीए बघेल, पण निदान फोन थांबतात.

म्हणून मी हल्ली आधी प्रोफॉर्मा पाठवतो, पैसे खात्यात आले की त्याच दिवशी "डिझाइन फी, पहिला टप्पा" असं १ लाख अधिक टॅक्सचं बिल करतो आणि ऑक्टोबरमध्ये उरलेल्या २ लाखांचं. सर्व्हिस द्यायच्या आधी बिल केलेलं कायद्याला चालतं. ॲडव्हान्स आणि त्याचं बिल एकाच महिन्यात असलं की ११ए ला हातच लावावा लागत नाही. फक्त प्रोफॉर्माच्या जागी घाईने टॅक्स इनव्हॉइस पाठवू नका, कंपनीने दोन महिन्यांनी पैसे दिले तरी टॅक्स बिलाच्या महिन्यातच, तोही आपल्या खिशातून.

महिनाअखेरीला जपा. पैसे ३१ जुलैला आले आणि बिल १ ऑगस्टला केलं म्हणून महिना पुढे सरकत नाही, जुलैच धरला जातो आणि मग ११ए पण आलंच. चेकचंही तसंच, बुक्समध्ये ३० जुलैची एंट्री असेल तर २ ऑगस्टला क्लिअर झाला तरी महिना जुलै, कारण एंट्री आणि बँक क्रेडिट यातली आधीची तारीख धरतात.

काम कॅन्सल झालं तर? बिल असेल तर क्रेडिट नोट काढून त्या महिन्याच्या देण्यातून टॅक्स कमी करता येतो, मात्र ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच आणि क्लायंटने क्रेडिट घेतलं असेल तर त्यालाही ते रिव्हर्स करावं लागतं. व्हाउचर असेल तर रिफंड व्हाउचर आणि भरलेला टॅक्स परत हवा तर आरएफडी-०१ चा अर्ज. आता देण्यातून वजा करणं बरं की अर्ज करून वाट बघणं बरं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

व्हाउचर अगदीच टाकाऊ आहे असं नाही म्हणत. घरगुती क्लायंट असेल, त्याला क्रेडिट नको असेल आणि कामाचा आवाका अजून ठरतच असेल तर बिलावर काय लिहायचं हाच प्रश्न असतो, तिथे मी अजूनही व्हाउचरच करतो. कंपनीच्या कामाला मात्र बिलच.