पूर्ण केली की अर्धा केली: दर डावाला भांडवलाचा किती हिस्सा लावावा?

डाव आपल्या बाजूने झुकलेला आहे हे माहीत असूनही माणसे कफल्लक होतात. व्हिक्टर हघानी आणि रिचर्ड ड्युई यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे स्पष्ट दिसले. त्यांनी ६१ जणांना प्रत्येकी २५ डॉलर दिले, नाण्याचा छापा ६० टक्के वेळा पडतो हे आधीच सांगितले आणि नाणेफेकीवर पैसे लावत अर्धा तास खेळू दिले. यात बहुतेक जण अर्थशास्त्र आणि वित्त क्षेत्राचे विद्यार्थी किंवा तरुण व्यावसायिक होते. तरीही २८ टक्के लोकांनी सगळे पैसे घालवले आणि २५० डॉलरची वरची मर्यादा फक्त २१ टक्के लोकांनी गाठली. कशावर लावायचे हे सगळ्यांना ठाऊक होते, पण किती लावायचे हे बहुतेकांना ठरवता आले नाही.

याचे उत्तर बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या जॉन केली यांनी १९५६ सालीच दिले होते. जिंकल्यावर लावलेल्या रकमेइतकाच नफा मिळत असेल, तर जिंकण्याच्या शक्यतेतून हरण्याची शक्यता वजा करा आणि हातातल्या भांडवलाचा तेवढा हिस्सा लावा. या नाण्यासाठी ०.६ वजा ०.४, म्हणजे २० टक्के. एका रुपयावर b रुपये नफा मिळत असेल, तर सूत्र f = p − q/b असे होते; p म्हणजे जिंकण्याची शक्यता आणि q म्हणजे हरण्याची. उत्तर ऋण आले, तर तो डाव खेळायचाच नाही. हिस्सा दर वेळी नव्या शिलकीवर काढायचा. त्यामुळे हरत गेलात की रक्कम आपोआप लहान होते.

आता निवड करू. सूत्राने सांगितलेला सगळा हिस्सा लावणे म्हणजे पूर्ण केली, इथे २० टक्के; त्याच्या निम्मा लावणे म्हणजे अर्धा केली, इथे १० टक्के. दोन्हींची सुरुवात दहा हजार रुपयांनी करू आणि शंभर डाव खेळू. अपेक्षेप्रमाणे ६० जिंकले आणि ४० हरले, तर पूर्ण केलीत सुमारे ७५ हजार होतात आणि अर्ध्यात सुमारे ४५ हजार. एका डावामागची वाढ पाहिली, तर पूर्ण केलीत ती सुमारे २ टक्के पडते आणि अर्ध्यात दीड टक्का. लावलेली रक्कम निम्मी झाली, पण वाढीचा वेग पाऊणपट उरला.

उलट, हिस्सा दुप्पट करून ४० टक्के लावला, तर त्याच ६० विजयांनंतर दहा हजारांचे ७,८०० होतात. गणिती सरासरी मात्र तेव्हाही प्रचंड दिसते, कारण ती क्वचित येणाऱ्या मूठभर अतिभाग्यवान मालिकांनी फुगलेली असते. आपल्या वाट्याला एकच मालिका येते, म्हणून ती सरासरी पाहून निर्णय घेऊ नये.

नशीब रुसले तर? शंभरात ५० किंवा त्याहून कमी विजय मिळण्याची शक्यता दोन-तीन टक्के असते. नेमके ५० विजय मिळाले, तर पूर्ण केलीत दहा हजारांचे १,३०० उरतात आणि अर्ध्यात ६,०००. दीर्घकाळ खेळलात, तर भांडवल कधीतरी सुरुवातीच्या निम्म्यावर येण्याची शक्यता पूर्ण केलीत ढोबळमानाने दोनात एक असते, अर्ध्यात आठात एक. पूर्ण केलीवाल्याला ही घसरण सोसावीच लागते. मधेच घाबरून खेळ सोडणार असाल, तर त्या जादा वेगाचा फायदा मिळणारच नाही.

पण माझा कल अर्ध्याकडे झुकतो तो दुसऱ्याच कारणाने. ६० टक्के हा आकडा प्रयोगात आयता मिळतो. बाजारात किंवा घोड्यांच्या शर्यतीत तो आपण अंदाजाने काढतो, आणि तो बहुधा फुगलेला असतो. समजा, खरी शक्यता ५५ टक्के आहे. मग योग्य हिस्सा १० टक्के होता आणि २० टक्के लावणारा नकळत दुप्पट लावत बसला. त्याची वाढ जवळजवळ शून्यावर येते, किंचित खालीच. १० टक्के लावणारा मात्र डावामागे अर्धा टक्का वाढत राहतो. ही चूक लवकर कळतही नाही. शंभर डावांत निकाल पाच इकडेतिकडे सहज होतात, त्यामुळे ६० आणि ५५ मधला फरक जरा भरवशाने दिसायला निदान चारशे डावांची नोंद लागते. तोवर पूर्ण केलीवाला फुकट धोका पत्करत असतो.

पूर्ण केली शोभतो तो शक्यता मोजून काढता येते तिथे, म्हणजे ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगारात पत्ते मोजणाऱ्याला. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांनी केलीचे सूत्र आधी तिथेच वापरले. उरलेल्या गड्ड्यात काय शिल्लक आहे यावरून झुकाव काढता येतो, आणि तो टक्का-दोन टक्क्यांचाच असल्याने हिस्साही तेवढाच लहान येतो. शेअरमध्ये मात्र एकाच क्षेत्रातल्या पाच कंपन्यांवर एकाच वेळी पैसे लावलेत, तर ते पाच स्वतंत्र डाव नसतात. एक पडली की बाकीच्याही पडतात. प्रत्येकीचा केली वेगळा काढून बेरीज केली, तर एकूण हिस्सा मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. तिथे त्या पाचांना मिळून एकच डाव धरावा, त्याचा अर्धा केली काढावा आणि तो पाचांत वाटावा.